सिम बंद, ओटीपी चालू

जुलै २०२४मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले आणि घरोघरी एक हिशेब सुरू झाला. फोनमध्ये दोन सिम आहेत. एकावर नेट चालतं, मुलं-नातवंडं त्यावरच बोलतात. दुसरं पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं, त्यावर आता फक्त मेसेज येतात. मग त्या दुसऱ्यासाठी दर महिन्याला दीड-दोनशे रुपये कशाला भरायचे? हिशेब बरोबर आहे. बहुतेक घरांत पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. कुणी अर्ज करत नाही, कुणी कंपनीला कळवत नाही. रिचार्ज संपतो, तो कुणी पुन्हा मारत नाही आणि सिम आपोआप मरतं.

सिम मरतं हे खरं. नंबर मात्र मरत नाही. दहा आकडी नंबर ही मर्यादित सरकारी मालमत्ता आहे. ती कंपनीला वापरायला दिलेली असते आणि कंपनी आपल्याला देते. रिचार्ज संपल्यावर आधी आउटगोइंग जातं, काही दिवसांनी इनकमिंगही जातं. किती दिवसांनी, ते कंपनीनुसार बदलतं. ट्रायच्या नियमांप्रमाणे सलग ९० दिवस काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवायचा आणि नंतर नव्या ग्राहकाला द्यायचा, अशी पद्धत आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात याविरुद्धची याचिका आली, तेव्हा ट्रायने हेच सांगितलं. न्यायालयाने कंपन्यांना नंबर पुन्हा देण्यापासून रोखलं नाही. आधीच्या ग्राहकाने आपल्या खासगी माहितीची काळजी स्वतः घ्यावी, व्हॉट्सअ‍ॅपचं खातं काढून टाकावं, असं म्हणून याचिका निकाली काढली. म्हणजे जबाबदारी कुणाची, हा प्रश्न निदान कायद्यापुरता सुटलेला आहे.

त्यामुळे सिम सोडल्यावर नुकसान दोनदा होऊ शकतं. पहिलं लगेच होतं: ओटीपी येणं थांबतं आणि स्वतःच्या खात्याबाहेर आपणच उभे राहतो. दुसरं सहा-आठ महिन्यांनी होतं: ओटीपी येणं पुन्हा सुरू होतं, पण दुसऱ्याच्या फोनवर.

नव्या मालकाला यात काही मिळवायचं असतं असं नाही. बहुतेक वेळा तो बिचारा वैतागलेलाच असतो. त्याने दुकानातून साधं सिम घेतलेलं असतं आणि पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी गॅसचे, हप्त्यांचे, शाळेच्या फीचे मेसेज त्याच्याकडे येऊ लागतात. पण प्रत्येकजण साधा नसतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२१मध्ये कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले. त्यांतले १७१ नंबर कुठल्या ना कुठल्या प्रसिद्ध संकेतस्थळावरच्या जुन्या खात्याला अजून जोडलेले होते. तिथे फोन नंबर हे अनेक सोयींपैकी एक साधन आहे. आपल्याकडे बँक, आधार, गॅस आणि सरकारी योजना या सगळ्यांची दारं त्याच नंबरने उघडतात.

परका माणूस नेमकं काय करू शकतो, हे न घाबरता समजून घेतलं पाहिजे. नुसत्या नंबरवर खातं रिकामं होत नाही. यूपीआय अ‍ॅप सुरू करताना फोनमधल्या सिमवरून एक मेसेज जातो आणि त्या नंबरला जोडलेली बँक खाती अ‍ॅपमध्ये दिसू लागतात. म्हणजे जुना नंबर बँकेत तसाच राहिला असेल, तर आपलं खातं नव्या मालकाच्या फोनमध्ये दिसू शकतं. पैसे काढायला मात्र त्याला यूपीआय पिन लागतो. नवा पिन तयार करायला डेबिट कार्डचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते. ती त्याच्याकडे नसते, म्हणून इथे दार बंद होतं. पण पिन तयार करायचा दुसराही रस्ता आहे, तो आधारचा. त्यात आधारचे पहिले सहा आकडे आणि आधारला जोडलेल्या नंबरवर आलेला ओटीपी पुरतो. आधारलाही तोच जुना नंबर असेल तर तो ओटीपीही त्याच्याच फोनवर येणार. आधारची झेरॉक्स आपण किती ठिकाणी देऊन ठेवली आहे, हे ज्याचं त्याने आठवावं. दोन वेगळी कुलुपं आहेत असं आपण समजत असतो, पण दोन्हींची किल्ली एकच असते आणि ती आपण सोडून दिलेली असते.

सरकारी बाजूने काही उपाय झाले आहेत. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी काढली जाते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५मध्ये बँकांना सांगितलं की या यादीवरून आपल्या नोंदी साफ करा. एनपीसीआयने एप्रिल २०२५पासून बँका आणि यूपीआय अ‍ॅप यांना दर आठवड्याला तरी असे नंबर ताजे करायला लावले. चांगलं आहे, पण या यादीला एवढंच कळतं की जुना नंबर तुमचा राहिलेला नाही. तुमचा नवा नंबर कुठला, हे तिला माहीत नसतं. म्हणून बँकेने यादी प्रामाणिकपणे वापरली तर परक्याला दार बंद होतं आणि तुम्हालाही. एका सकाळी यूपीआय चालेनासं होतं आणि कारण कळत नाही. शिवाय गावातली पतसंस्था, शाळा, सोसायटी, दवाखाना ही यादी बघतील अशी अपेक्षाच चुकीची आहे.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतलं आहे, पण त्याच्यासारखी घरं गावोगावी आहेत. सांगलीजवळ जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. जुना नंबर नोकरीत असताना घेतलेला. मुलीने दिलेल्या नव्या फोनमध्ये नवं सिम आहे आणि जुनं त्यांना सोडायचं आहे. त्यांना वाटतं, बँकेत एक अर्ज दिला की झालं.

पहिलं काम अर्जाचं नाही, यादीचं आहे. आपला नंबर कुठे कुठे दिला आहे हे आठवून सांगता येत नाही, पण जुन्या सिमच्या मेसेजपेटीत ते सगळं लिहिलेलं असतं. काकांनी ती पेटी उघडून निदान वर्षभर मागे जायचं. वर्षभर यासाठी की काही संस्था वर्षातून एकदाच बोलतात. विम्याचा हप्ता, गाडीचा विमा, मुदत ठेवीचं नूतनीकरण, आयकर विवरणपत्र, पेन्शनरांचा हयातीचा दाखला यांचे मेसेज गेल्या महिन्यात सापडायचे नाहीत. आता पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं, ते इथे फार उपयोगी पडतं. `-P` म्हणजे जाहिरात, ती सोडून द्यायची. `-T` म्हणजे व्यवहार, `-S` म्हणजे सेवा, `-G` म्हणजे सरकारी. या तिन्हींतलं प्रत्येक नाव कागदावर एकदा लिहायचं. पेटीत `OTP` हा शब्द शोधला की राहिलेली बरीच नावं वर येतात.

काकांच्या कागदावर सुरुवातीला चार नावं होती, ती वाढत गेली. पेन्शनचं खातं, काकूंचं पतसंस्थेतलं खातं, दोघांचं आधार, गॅस, महावितरण, आयुर्विमा, मोटारसायकलची नोंद, रेल्वे तिकिटांचं खातं, शेतीच्या वाट्यासाठी पीएम किसान आणि ई-पीक पाहणी, पुतण्याच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज. या यादीतली अर्धी नावं काकांची नाहीतच. आपल्याकडे मोबाइल नंबर एका माणसाचा नसतो, घराचा असतो. काकूंकडे फोन नव्हता तेव्हा त्यांच्या सगळ्या कागदांवर काकांचा नंबर लागला. पुतण्याने अर्ज भरताना ‘काकांचाच टाक’ म्हणून टाकला. सिम सोडायचा निर्णय काका एकटे घेतात आणि ओटीपी तिघांचे अडकतात. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी हे राज्यभर दिसलं. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जात होता आणि तो नंबर कुणाचा, चालू आहे की बंद, इथपासून अनेकींची सुरुवात होती. म्हणून यादी घरात मोठ्याने वाचून दाखवावी. ‘तो नंबर मी पण दिलाय’ असं कुणीतरी म्हणतंच.

यादी झाल्यावर क्रम ठरवायचा. कुठूनही सुरू केलं तरी चालेल असं हे काम नाही, कारण एका खात्याचा नंबर बदलायला दुसऱ्या खात्याची साक्ष लागते. सगळ्यात आधी ईमेल घ्यावा. कुठलाही पासवर्ड विसरला की दुवा मेलवर येतो, आणि मेलचाच पासवर्ड विसरला की कोड फोनवर येतो. तो फोन जुन्या सिमचा राहिला तर पुढची सगळी साखळी तुटते. गुगल खात्यात नंबर एकाच जागी नसतो. मेल परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर वेगळा आणि दुहेरी पडताळणीसाठी दिलेला वेगळा, दोन्ही बदलावे लागतात. पहिला बदलल्यावर गुगल कधी कधी आणखी सात दिवस जुन्या नंबरवरही कोड पाठवायची मुभा ठेवतं. खात्यात कुणी घुसून नंबर बदलला तर खऱ्या मालकाला हात-पाय मारता यावेत म्हणून ती सोय आहे. आपल्यासाठी तिचा अर्थ इतकाच की त्या सात दिवसांत जुनं सिम चालू हवं.

दुसरं आधार. इथे एक दिलासा आहे. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलताना जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही, तुमचं बोट किंवा डोळा हीच ओळख असते. म्हणून जुनं सिम आधीच बंद पडलं असेल त्यानेही सुरुवात इथूनच करावी. ऑक्टोबर २०२५पासून या बदलाला ७५ रुपये लागतात. काकूंचं काम काकांना परस्पर करून आणता येत नाही, त्यांना स्वतः जावं लागतं. चालता न येणाऱ्या माणसांसाठी पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतो. ही सेवा २०२१पासून आहे, पण गावात फार कमी लोकांना ठाऊक आहे. केंद्रातून मिळालेली पावती म्हणजे बदल झाला असं नाही. काही दिवसांनी myaadhaar.uidai.gov.in वर जाऊन `Verify Email/Mobile Number` या ठिकाणी आधार क्रमांक आणि नवा नंबर टाकायचा. जोडला गेला असेल तर तसं उत्तर येतं.

मग बँक. काकांच्या हातात जुनं सिम अजून जिवंत आहे, म्हणून काम सोपं आहे. बऱ्याच बँकांत नेटबँकिंगमधून किंवा एटीएममधून नंबर बदलता येतो, आणि खात्री करायला जुन्या व नव्या अशा दोन्ही नंबरांवर कोड येतात. जुनं सिम गेलेलं असेल तर मूळ शाखा, अर्ज, पासबुक आणि ओळखपत्र, म्हणजे अर्धा दिवस. खरी अडचण वेगळीच असते. बँकेत मोबाइल नंबर खात्याला जोडलेला नसतो, ग्राहक क्रमांकाला जोडलेला असतो. हा क्रमांक पासबुकावर सीआयएफ किंवा कस्टमर आयडी म्हणून छापलेला असतो. एका माणसाचा एकच असायला हवा, पण जुन्या खातेदारांचे दोन निघतात: पगाराच्या वेळी एक, नंतर दुसऱ्या शाखेत ठेव ठेवताना दुसरा. काकांनी पेन्शन खात्याचा नंबर बदलला आणि ठेवीचा तसाच राहिला, असं सहज होतं. क्रेडिट कार्ड, फास्टॅग आणि डीमॅट बँकेच्याच नावाचे असले तरी पुष्कळदा त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवलेल्या असतात. संयुक्त खात्यात दोघांचे नंबर वेगवेगळे बदलावे लागतात. म्हणून काउंटरवर ‘माझा नंबर बदला’ इतकंच न म्हणता ‘माझ्या नावावर कुठकुठल्या आयडीला कुठला नंबर आहे तेवढं बघून सांगता का?’ असं विचारलेलं बरं.

बदल झाला की नाही हे अर्जाच्या पोचवर ठरवायचं नाही. नव्या सिमवर बँकेचा मेसेज आला पाहिजे. काकांनी एटीएममधून शंभर रुपये काढावेत आणि मेसेज कुठल्या सिमवर वाजतो ते बघावं. दोन्हींवर वाजला तर काहीतरी अर्धवट राहिलं आहे. दोन्हींवर नाही वाजला तर मेसेजसेवाच बंद झाली आहे, आणि ती जास्त वाईट स्थिती आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा अशा फसवणुकीत, व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. बँकेने सूचना पाठवली, पण ती परक्याच्या फोनवर गेली, तर हे दिवस कधी सुरू झाले यावर वाद घालत बसावं लागेल.

यूपीआय बँकेच्या नंतर घ्यायचं. आधी जुन्या नंबरचं अ‍ॅपमधलं खातं रीतसर काढून टाकायचं, मग नव्या सिमवरून पुन्हा नोंदणी करायची. नव्या नोंदणीनंतर पहिले चोवीस तास रक्कम पाठवायला कमी मर्यादा असते. त्यामुळे ज्या दिवशी मुलाच्या फीचे पैसे भरायचे आहेत त्या दिवशी हा खेळ मांडू नये. भाचा-पुतण्यांना आणि दूधवाल्यालाही सांगावं, कारण नंबर टाकून पैसे पाठवणारे जुन्या सवयीने जुनाच नंबर टाकतात.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बहुतेकजण चुकतात ते असं: नव्या सिमवर नवं खातं उघडतात आणि जुनं तसंच पडू देतात. खरी सोय आत आहे, सेटिंग्जमध्ये `Account` आणि त्यात `Change number`. तिने गप्पा, ग्रुप आणि नाव सगळं नव्या नंबरवर येतं, आणि संपर्कातल्या लोकांना कळवायचं का हेही ती विचारते. जुनं खातं पडून राहिलं तर त्याच नंबरने नोंदणी करणारा नवा माणूस आपल्या ग्रुपमध्ये आपल्या जागी बसू शकतो. आपल्या आधीच्या गप्पा त्याला दिसत नाहीत, पण पुढच्या दिसतात. खातं ४५ दिवस निपचित राहून मग दुसऱ्या फोनवर सुरू झालं तर व्हॉट्सअ‍ॅप जुना तपशील पुसतं, आणि साधारण १२० दिवस वापर नसला तर खातंच काढून टाकतं. पण त्या मधल्या काळात सोसायटीच्या ग्रुपवर ‘हे कोण?’ अशी चर्चा रंगू शकते. टेलिग्रामची गोष्ट याहून गंभीर आहे. तिथे गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर असतात. जुन्या नंबरवर कोड मागवून कुणी आत शिरला आणि आपण वेगळा पासवर्ड लावलेला नसेल, तर त्याला मागचंही सगळं वाचायला मिळतं.

गॅस, वीज, रेल्वे आणि गाडी यांवर फार वेळ घालवायची गरज नाही. त्या त्या अ‍ॅपमध्ये किंवा एजन्सीत हे बदल होतात. फक्त सिलिंडर देताना विचारला जाणारा कोड आणि तत्काळ तिकिटाचा ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर येतो, म्हणून ही दोन नावं शेवटाकडे ढकलू नयेत. गाडीच्या नोंदीतला नंबर जुना राहिला तर दंडाच्या चलनाचा मेसेज आपल्याला मिळत नाही, आणि दंड मात्र साठत जातो.

एवढं झाल्यावरही काकांनी जुनं सिम लगेच काढायचं नाही. साध्या बटणाच्या फोनमध्ये ते टाकून, सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारून, तीन महिने कपाटावर ठेवावं. तीन महिने यासाठी की बचत खात्यावरचं व्याज तिमाहीला जमा होतं आणि म्युच्युअल फंडांसारख्या कित्येक ठिकाणांहून महिन्या-तिमाहीला काहीतरी येतंच. या काळात त्या फोनवर वाजणारा `-P` सोडून प्रत्येक मेसेज म्हणजे यादीतून निसटलेलं एक नाव. शेवटचे तीस दिवस तसं काहीच वाजलं नाही, की सिम सोडायला हरकत नाही.

काहींना तर नंबर सोडायची गरजच नसते. गाव बदललं, राज्य बदललं, कंपनीचा कंटाळा आला, म्हणून नंबर बदलणारे अजून भेटतात. २०१५पासून देशात कुठेही तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येतो. १९०० या नंबरवर PORT लिहून पुढे आपला नंबर पाठवला की प्रक्रिया सुरू होते. फक्त बोलणं आणि मेसेज एवढंच हवं असलेल्यांसाठी नेट नसलेले, लांब मुदतीचे रिचार्जही कंपन्यांना ट्रायने ठेवायला लावले आहेत. वर सांगितलेली सगळी धावपळ आणि वर्षाचा असा एखादा रिचार्ज यांची तुलना करून काकांनी सिम ठेवायचंच ठरवलं, तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. परदेशी निघालेल्यांना मात्र माझा सल्ला स्पष्ट आहे: भारतातला नंबर सोडू नका. काही देशांतल्या नंबरांवर अनिवासी खात्याचं यूपीआय चालतं, पण आधारला परदेशी नंबर जोडता येत नाही. आणि आधारचा ओटीपी नसला की आयकरापासून भविष्यनिर्वाह निधीपर्यंत कुठलंही काम पुण्यातल्या आई-वडिलांच्या फोनवर येऊन पडतं.

एक प्रसंग असा असतो की घाईने सिम बंद केल्याचा नंतर पश्चात्ताप होतो. घरातलं माणूस गेल्यावर नातेवाईक दुःखात आणि खर्चाच्या भीतीने त्याचा नंबर आधी बंद करतात. पण त्या माणसाने पैसे कुठे ठेवले होते, कुठला विमा चालू होता, हे पुष्कळदा फक्त त्याच्या मेसेजपेटीतून कळतं. त्या ओटीपीने त्याच्या खात्यात व्यवहार करू नयेत, ते बेकायदा आहे. पण नंबर निदान वर्षभर चालू ठेवावा, किंवा कंपनीच्या दुकानात मृत्युदाखला देऊन वारसाच्या नावावर करून घ्यावा.

ईमेलची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण पेटी बंद पडायची कारणं वेगळी असतात. सगळ्यात घातक पेटी ऑफिसची. नोकरी सोडली की शेवटच्या दिवशी, कधी कधी शेवटच्या दुपारीच, ती बंद होते आणि तिच्या बाहेर काही ठेवून जाण्याची मुभाही नसते. दहा वर्षं एका कंपनीत काढलेल्या माणसाने म्युच्युअल फंड, विमा, रेल्वे, डॉक्टरची अपॉइंटमेंट सगळीकडे ऑफिसचाच मेल दिलेला असतो. राजीनामा दिल्याच्या दिवशीच ही यादी सुरू करावी. फंडांसाठी सोपी युक्ती आहे. कॅम्सच्या संकेतस्थळावर जुना मेल टाकून एकत्रित खातेपत्रक मागवायचं. त्यात जे फोलिओ दिसतील ते त्या मेलला जोडलेले. मग हीच मागणी नव्या मेलवर करायची आणि दोन्ही पत्रकं ताडून बघायची.

जीमेलसारख्या पेटीत वर्षानुवर्षांची खाती लपलेली असतात. दोन जागा बघितल्या की बहुतेक सापडतात. passwords.google.com वर ब्राउझरने साठवलेल्या पासवर्डांची यादी असते. आणि खात्याच्या सुरक्षेच्या पानावर इतर कुठल्या सेवांना आपण गुगलमार्फत प्रवेश दिला आहे, तेही दिसतं. ही दुसरी यादी जास्त महत्त्वाची. जिथे ‘गुगलने साइन इन करा’ हे बटण दाबून खातं उघडलं, तिथे स्वतःचा पासवर्डच नसतो. पेटी गेली की ते खातं गेलं. अशा ठिकाणी आधी वेगळा पासवर्ड तयार करायचा आणि मगच मेल बदलायचा.

गुगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकतं. डिसेंबर २०२३पासून हे सुरू झालं. काढलेला जीमेलचा पत्ता गुगल दुसऱ्याला देत नाही, एवढं बरं. सगळ्यांनी असं केलं नव्हतं. याहूने २०१३मध्ये वर्षभर न वापरलेले पत्ते नव्या लोकांना वाटले आणि नव्या मालकांना जुन्यांची पत्रं मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन त्यावर मेल चालवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना हा धोका आजही आहे. डोमेनची मुदत संपली की ते कुणीही विकत घेऊ शकतो, आणि त्याबरोबर त्या पत्त्यावर येणारी सगळी पत्रंही त्याची होतात. असं डोमेन सोडायचं असेल तर खाती बदलून झाल्यावरही निदान एक-दोन वर्षं त्याचं भाडं भरत राहावं.

काकांचे तीन महिने झाले, की उरतं कंपनीचं काम. पोस्टपेड असेल तर बंद करण्याची लेखी विनंती द्यायची, शेवटचं बिल भरायचं आणि त्याची पावती ठेवायची. बिल थकलं तर वसुलीचे फोन नव्या नंबरवर येतात. प्रीपेड असेल तर रिचार्ज थांबवायचा आणि सिम कापून टाकायचं. काही आठवड्यांनी sancharsaathi.gov.in वर जाऊन आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघायचं. त्या यादीत जुना नंबर अजून दिसत असेल तर त्याच्यासमोर `Not Required` निवडून पाठवायचं. यादी बघताना एखादा नंबर असाही दिसतो की जो आपण कधी घेतलाच नाही. त्याच्यासाठी `Not My Number` हा वेगळा पर्याय आहे, तोही त्याच बैठकीत भरून टाकावा.